व्हीएमसी विकलं, ब्लॉक शून्यावर आला. नवं मशीन मार्चमध्ये घ्यावं की एप्रिलमध्ये?

प्रश्न: भांडुपला माझं प्रोप्रायटरी वर्कशॉप आहे, जॉबवर्क करतो. एक व्हीएमसी, दोन लेथ आणि एक रेडियल ड्रिल होतं. १ एप्रिल २०२५ ला मशिनरीच्या ब्लॉकची किंमत ६,२०,००० होती. ऑगस्टमध्ये व्हीएमसी ९,५०,००० ला विकलं. दलाली आणि क्रेन मिळून ३५,००० गेले. टॅलीत मशिनरी खातं आता ३,३०,००० उणे दिसतंय. अकाउंटंट म्हणतो, उणे तसंच पुढे नेऊ, पुढच्या मशीनमध्ये वळतं होईल. मेहुणे म्हणतात, ३१ मार्चच्या आत काहीतरी घेऊन टाक, नाहीतर टॅक्स बसेल. ८,००,००० चं सेकंडहँड सीएनसी लेथ बघून ठेवलंय. घसारा धरण्याआधी या वर्षीचा नफा साधारण ८,५०,००० आहे, दुसरं उत्पन्न नाही, कर नव्या पद्धतीने भरतो. लेथ आत्ता घेऊ की एप्रिलमध्ये?

उत्तर:

एप्रिलमध्ये घ्या. अकाउंटंटचं म्हणणं चुकीचं आहे. मेहुण्यांचं म्हणणं चुकीचं नाही, पण ते ज्यांचं उत्पन्न मोठं आहे त्यांच्यासाठी. तुमच्या आकड्यांत मार्चची खरेदी तोट्याची ठरते. का, ते सांगतो.

आधी ब्लॉक म्हणजे काय ते डोक्यात पक्कं बसू द्या, कारण सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. आयकराच्या हिशेबात तुमच्या चार मशीनची चार वेगळी खाती नाहीत. एकाच प्रकारची आणि घसाऱ्याचा दर एकच असलेली सगळी मालमत्ता एका डब्यात टाकलेली असते, आणि घसारा त्या डब्यातल्या एकूण रकमेवर निघतो. ही पद्धत १९८८-८९ च्या कर आकारणी वर्षापासून आली. त्याआधी प्रत्येक मशीनचा हिशेब वेगळा ठेवावा लागे. आता मशीन एकदा डब्यात गेलं की त्याची स्वतःची ओळख पुसली जाते. त्यामुळे ‘व्हीएमसीची स्वतःची घसारा वजा किंमत किती राहिली होती’ हा प्रश्न आयकरात विचारायचाच नाही. अनेक जण तो विचारतात, त्या मशीनचा वेगळा नफा काढतात आणि रिटर्नमध्ये भलताच आकडा भरतात.

वर्षभरात या डब्यात तीनच गोष्टी घडतात. सुरुवातीची शिल्लक असते, वर्षात घेतलेल्या मशीनची किंमत तीत मिळवायची, आणि विकलेल्या मशीनचे पैसे वजा करायचे. जे उरेल त्यावर घसारा. कलम ४३(६) सांगतं ते एवढंच, पण त्यात एक अट आहे जी तुमच्या अकाउंटंटच्या नजरेतून सुटली: वजावट डब्यात आहे त्यापेक्षा जास्त करता येत नाही. म्हणजे ब्लॉक शून्यावर थांबतो, खाली जात नाही. टॅलीला हा नियम माहीत नाही. त्याला तुम्ही मशिनरी खात्यात ९,५०,००० जमा करायला सांगितलं, त्याने केलं आणि खातं उणे दाखवलं.

मग शून्याच्या खालचा जो भाग उरतो त्याचं काय? तो कलम ५० उचलतं. विक्रीची रक्कम जर सुरुवातीची शिल्लक, वर्षातली खरेदी आणि विक्रीसाठी झालेला खर्च या तिघांच्या बेरजेपेक्षा जास्त असेल, तर जादा रक्कम त्याच वर्षी अल्पकालीन भांडवली नफा. मशीन तुमच्याकडे दहा वर्षं होतं की पंधरा, याने फरक पडत नाही. तुमच्या बाबतीत ६,२०,००० अधिक ३५,००० म्हणजे ६,५५,०००. ते ९,५०,००० मधून गेले की राहतात २,९५,०००. उणे दिसणारे ३,३०,००० आणि हे २,९५,००० यांतला फरक म्हणजे तुमची दलाली आणि क्रेन. त्याची बिलं जपून ठेवा. क्रेनवाल्याला रोख दिले असतील तर निदान पावती तरी हातात हवी.

दोन्ही लेथ आणि ड्रिल गाळ्यात चालूच आहेत, पण त्यांच्यावर या वर्षी घसारा शून्य, आणि नवं काही येईपर्यंत पुढेही शून्य. हे ऐकून लोक वैतागतात: ‘मशीन तर समोर फिरतंय, मग घसारा का नाही?’ कारण डब्यात रक्कमच उरलेली नाही. त्या मशीनचा उरलेला घसारा तुम्ही व्हीएमसीच्या नफ्यातून आधीच वसूल करून घेतलात. उलटही होतं. चारही मशीन विकली आणि डब्यात रक्कम मात्र उरली, तर त्या रकमेवर घसारा मिळत नाही, ती अल्पकालीन भांडवली तोटा म्हणून जाते. तोटा दाखवता येतो तो फक्त ब्लॉक पूर्ण रिकामा झाला तरच. तुमच्याकडे एक ड्रिल जरी उरलं असलं तरी फक्त नफा लागू शकतो, तोटा नाही.

उणे पुढे नेण्याबद्दल थोडं सांगतो. आर्टिकलशिप करत होतो तेव्हा आमच्याकडे एका छपाईवाल्याची फाईल आली होती. त्याच्या आधीच्या हिशेबनीसाने असंच उणे तीन वर्षं ओढत नेलं होतं आणि चौथ्या वर्षी नव्या मशीनच्या किमतीतून ते वजा केलं होतं. त्याला वाटलं, सरकारचं काहीच बुडालं नाही, घसारा तर कमीच घेतला. पण नफा ज्या वर्षीचा होता त्या वर्षीच दाखवायला हवा होता. ते वर्ष पुन्हा तपासणीला उघडलं गेलं, कर आणि त्यावर व्याज भरावं लागलं. कमी घेतलेल्या घसाऱ्याची भरपाई मागायला वेगळी धावपळ. म्हणून टॅलीतलं उणे ३१ मार्चच्या आतच मिटवा: मशिनरी खातं शून्यावर आणा आणि ३,३०,००० मशीन विक्रीच्या नफ्यात टाका, ३५,००० खर्चाला. मग उत्पन्नाची मोजणी करताना हा नफा आणि हा खर्च दोन्ही धंद्याच्या उत्पन्नातून बाहेर काढायचे आणि भांडवली नफ्यात २,९५,००० दाखवायचे. बाहेर काढायला विसरलात तर एकाच पैशावर दोनदा कर बसेल, आणि ही चूक मी दरवर्षी जूनमध्ये कुणाच्या ना कुणाच्या कागदावर पाहतो. तुमच्या ८,५०,००० च्या आकड्यात हे ३५,००० आधीच खर्चात धरलेत का तेही बघा. धरले असतील तर नफा ८,८५,००० आहे.

आता मेहुण्यांचं म्हणणं. ३१ मार्चच्या आत त्याच ब्लॉकमध्ये ८,००,००० चं लेथ आलं तर डब्यात ६,२०,००० अधिक ८,००,००० होतात, त्यातून ९,५०,००० वजा, उरले ४,७०,०००. भांडवली नफा नाही. लेथ फेब्रुवारी-मार्चमध्ये चालू झालं म्हणजे १८० दिवसांपेक्षा कमी वापर, त्यामुळे १५ टक्क्यांऐवजी साडेसात टक्के, म्हणजे ३५,२५० घसारा. पुढच्या वर्षीची सुरुवात ४,३४,७५० वर.

हे छान दिसतं, पण यात कर माफ झालेला नाही. तुमच्या लेथची किंमत कर खात्यात आठ लाखांवरून चार लाख सत्तर हजारांवर आली. आज वाचवलेला नफा पुढच्या सगळ्या वर्षांच्या घसाऱ्यातून कापला जातो. वर आणखी एक बारीक गोम आहे. कलम ४३(६) मध्ये विक्रीची पूर्ण किंमत वजा होते, विक्रीच्या खर्चाला तिथे जागाच नाही. तो खर्च फक्त कलम ५० च्या नफ्यातून वजा होतो. नफाच निघाला नाही तर तुमचे ३५,००० कुठेच वापरले जात नाहीत. २,९५,००० चा नफा टाळण्यासाठी तुम्ही ३,३०,००० चा घसारा सोडता.

ज्याचं उत्पन्न मोठं आहे त्याला हे तरीही परवडतं, कारण आजचा कर टळतो आणि घसाऱ्याचं नुकसान पुढच्या आठ-दहा वर्षांवर पसरतं. समजा तुमचा नफा १४ लाख असता. नव्या पद्धतीत २०२५-२६ साठी १२ ते १६ लाखांवर १५ टक्के आणि १६ ते २० वर २० टक्के. मग २,९५,००० पैकी दोन लाखांवर ३०,००० आणि वरच्या ९५,००० वर १९,०००, सेस धरून ५०,९६० कर. तेव्हा मीही म्हटलं असतं, लेथ लागणारच आहे ना, मग दोन महिने आधी घ्या.

पण तुमचा नफा आहे ८,५०,०००. त्यात २,९५,००० मिळवले की ११,४५,०००. नव्या पद्धतीत एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए ची सूट कर शून्यावर आणते. इथे लोक थबकतात: ‘भांडवली नफ्याला ती सूट नाही ना?’ नाही, ती बंदी खास दराने कर लागणाऱ्या उत्पन्नाला आहे, म्हणजे शेअरवरचा कलम १११ए चा नफा वगैरे. कलम ५० चा मशीनवरचा अल्पकालीन नफा साध्या टप्प्यांच्या दराने करपात्र असतो, म्हणून त्याला सूट मिळते. तुमच्या ११,४५,००० वर टप्प्यांप्रमाणे ५४,५०० कर निघतो आणि सूट ६०,००० पर्यंत आहे. भरायचे शून्य.

म्हणजे मशीन विकून झालेला नफा तुम्हाला या वर्षी फुकटात पचवता येतो, आणि मार्चमध्ये लेथ घेऊन तुम्ही ती संधी घालवाल. दोन्ही वाटा शेजारी ठेवून पाहा. मार्चमध्ये घेतलं तर या वर्षी कर शून्य, घसारा ३५,२५०, आणि तोही वाया, कारण कर तसाही शून्यच होता. पुढच्या वर्षी ४,३४,७५० वर घसारा सुमारे ६५,२००. एप्रिलमध्ये घेतलं तर या वर्षी कर शून्यच, आणि पुढच्या वर्षी ब्लॉकमध्ये पूर्ण ८,००,०००, त्यावर पूर्ण १५ टक्के म्हणजे १,२०,०००. पहिल्याच वर्षी जवळपास ५५,००० चा फरक. पुढच्या वर्षीही तुम्ही १२ लाखांच्या आतच राहणार असाल तर हा फरक लगेच हाती लागणार नाही, हेही खरं. पण नवं लेथ घेताय म्हणजे काम वाढवायचं आहे, असं मी धरतो. आणि घसारा ‘या वर्षी नको, नंतर घेतो’ म्हणून साठवून ठेवता येत नाही. तुम्ही मागा किंवा न मागा, तो मिळाला असं धरूनच पुढची शिल्लक काढली जाते. म्हणून ब्लॉक मोठा ठेवून पुढे नेणं हाच तो वाचवण्याचा मार्ग.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय, म्हणून काही जण घाबरून मार्चमध्ये उरकायच्या मागे आहेत. त्याची गरज नाही. ब्लॉकची पद्धत त्यातही तीच आहे.

तुमच्याकडे १२ लाखांपर्यंत ५५,००० ची जागा आहे, ती किती खरी हे तपासा. ‘दुसरं उत्पन्न नाही’ असं सगळेच म्हणतात आणि मग बँकेच्या एफडीचं व्याज निघतं. थोडंसं वर गेलात तरी लगेच पूर्ण कर बसत नाही. १२ लाखांच्या वर जितकी रक्कम जाईल त्यापेक्षा जास्त कर घेतला जात नाही. उत्पन्न १२,१०,००० झालं तर कर १०,००० आणि सेस. अगदीच काठावर आलात तर मार्चमध्ये लागणारी एखादी लहान वस्तू घेऊन नफा तेवढाच कमी करता येतो. ६०,००० चा कॉम्प्रेसर घेतलात तर नफा २,३५,००० होईल. कॉम्प्रेसरवर मग घसारा मिळणार नाही, कारण ब्लॉक शून्यच राहतो. वस्तू त्याच ब्लॉकची हवी. कॉम्प्युटरचा दर ४० टक्के, फर्निचरचा १० टक्के, ते डबे वेगळे; त्यांनी इथे काही मदत होत नाही. धंद्याच्या नावावर घेतलेली मोटारकार मात्र यंत्रसामग्रीच्या १५ टक्क्यांतच येते. या वर्षी तशी काही खरेदी झाली असेल तर ती मोजायला विसरू नका.

मार्चच्या वाटेने जाणाऱ्यांसाठी एवढंच: कायदा म्हणतो ‘वर्षात संपादन केलेली’ मालमत्ता. नुसता टोकन देऊन बुकिंग म्हणजे संपादन नव्हे. बिल, डिलिव्हरीचं चलन, ई-वे बिल, सगळं ३१ मार्चच्या आतलं हवं. घसाऱ्यासाठी तर मशीन चालूही झालेलं हवं. ३० तारखेचं बिल आणि एप्रिलच्या मध्यावर आलेला ट्रक ही जोडी अधिकाऱ्याला लगेच दिसते. आणि हे तुम्हालाही उलट्या बाजूने लागू आहे: लेथवाला घाईत असेल तर आत्ता टोकन द्या, पण बिल आणि माल एप्रिलमध्येच घ्या. तारखा पुढेमागे लिहायला सांगू नका, खरोखर तसंच करा.

कुणीतरी तुम्हाला बाँड सुचवेल. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये एस बिल्डर्सच्या प्रकरणात म्हटलं होतं की, कलम ५० चं ‘अल्पकालीन’ हे मानणं फक्त नफा मोजण्यापुरतं आहे. मालमत्ता प्रत्यक्षात दीर्घकाळ जवळ असेल तर गुंतवणुकीची सूट नाकारता येत नाही. ते बरोबरच आहे, पण तुमच्या उपयोगाचं नाही. कलम ५४ईसी चे बाँड एप्रिल २०१८ पासून फक्त जमीन आणि इमारतीच्या नफ्यासाठी आहेत. गाळा विकाल तेव्हा तो निकाल आठवा.

त्याऐवजी जुनी रिटर्न काढून बघा. मागच्या एखाद्या वर्षी नफा कमी पडून न वजा झालेला घसारा पुढे आलेला असेल, तर तो या भांडवली नफ्यातूनही वजा होऊ शकतो. ती कागदपत्रं हाती असतानाच ६,२०,००० हा आकडाही तपासा. तो टॅलीचा असेल तर उपयोग नाही. मागच्या रिटर्नमधल्या Schedule DPM ची अखेरची शिल्लक हवी. मध्ये एखाद्या वर्षी तुम्ही कलम ४४एडी खाली ठोक टक्क्याने नफा दाखवला असेल, तर त्या वर्षीचाही घसारा मिळाला असं धरलं जातं. टॅलीत तो वजा नसेल तर खरी शिल्लक कमी आहे आणि नफा २,९५,००० पेक्षा जास्त. तुमच्या बाबतीत ५५,००० च्या जागेला धक्का लागू शकतो तो इथूनच, म्हणून हे काम आधी करा.

रिटर्न ITR-3 मध्ये. Schedule DPM मध्ये १५ टक्क्यांच्या रकान्यात विक्रीची पूर्ण रक्कम टाका, ३५,००० नको. त्या खर्चासाठी खाली वेगळी ओळ आहे. घसाऱ्याची रक्कम शून्य येईल आणि कलम ५० च्या ओळीत २,९५,००० यायला हवेत. तोच आकडा Schedule DCG मध्ये आणि तिथून Schedule CG मध्ये पोचला का, हे सबमिट करण्याआधी डोळ्यांनी बघा. विक्रीवर जीएसटी लावला असेल तर तो ९,५०,००० मध्ये धरू नका. तो सरकारचा पैसा, विक्रीची किंमत नाही. ९,५०,००० हा आकडा जीएसटी धरून असेल तर मात्र वरचं सगळं गणित बदलतं, आणि तुमच्या बाजूने बदलतं.